मध्यरात्रीआधीच विझणारा सौरदिवा: बॅटरी, कंट्रोलर की धूळ?

आजचा विषय आहे गावाकडच्या रस्त्यावरचा सोलरचा दिवा. इथे आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी वर्गणी काढून आपल्या वाडीत, मळ्यात, देवळाच्या वाटेवर असे दिवे बसवले आहेत. पहिली दोन-तीन वर्षं ते रात्रभर जळतात. मग एक दिवस गावाहून फोन येतो, "दिवा लागतो, पण अकराला विझतो." आणि त्याच फोनमध्ये पुढचं वाक्य असतं, "बॅटरी गेली, नवीन घ्यावी लागेल."

बॅटरी गेली असेलही. पण दिवा अर्ध्या रात्रीत विझण्याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्ही खालून पाहिली तर सारखीच दिसतात. बॅटरी म्हातारी झालेली असते, नाहीतर कंट्रोलरमध्ये वेळेची सेटिंग चुकलेली असते, नाहीतर पॅनेलवर, म्हणजे गावात ज्याला सोलरची प्लेट म्हणतात तिच्यावर, धूळ बसलेली असते. यातल्या दोन कारणांना फारसा खर्च येत नाही. तिसऱ्याला काही हजार रुपये लागतात. म्हणून पैसे पाठवण्याआधी कारण कोणतं हे ठरवायला हवं. ते तुम्ही इथून, फोनवरून ठरवू शकता. गावात एक माणूस, एक साधा मल्टिमीटर आणि चार-पाच दिवसांचा धीर एवढं पुरतं.

आधी हिशेब समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डोळ्यांसमोर घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणा. दिवसा नळाचं पाणी टाकीत पडतं आणि रात्री आपण ते वापरतो. रात्री अकराला तोटी कोरडी पडली तर काय झालं असेल? एक तर टाकीत इतका गाळ साचलाय की टाकी चार बादल्यांतच भरते. ही झाली म्हातारी बॅटरी. किंवा टाकी चांगली आहे, पण दिवसा नळाची धारच बारीक येते. हे झालं धुळीनं माखलेलं पॅनेल. किंवा टाकीत पाणी आहे, पण कुणीतरी अकरा वाजता व्हॉल्व्ह बंद करतं. हा झाला कंट्रोलर.

आता याच गोष्टी आकड्यांत पाहू. गावात बसवलेला एक नेहमीचा दिवा घ्या. बारा वॅटचा एलईडी, पंचाहत्तर वॅटचं पॅनेल आणि खांबाला लावलेल्या पत्र्याच्या पेटीत बारा व्होल्टची, ७५ अँपिअर-अवरची पाण्याची बॅटरी. हा दिवा तासाला साधारण १.१ अँपिअर-अवर खातो. डिसेंबरची साडेबारा तासांची रात्र धरली, तर रात्रीचा खर्च १४ अँपिअर-अवर. पॅनेल स्वच्छ असेल आणि ऊन कडक असेल तर दिवसाची कमाई, चार्जिंगमधली गळती वजा जाता, सतराच्या आसपास. म्हणजे शिल्लक फार नाही, पण भागतं. बॅटरी नवी असताना तिच्यातले तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ५६ अँपिअर-अवर, वापरता येतात. त्यामुळे तीन-चार दिवस ढगाळ गेले तरी दिवा चालतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण. मस्कतमध्ये राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्या ताईंची सासरची वाडी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. एसटीच्या थांब्यापासून वाडीपर्यंत कच्चा रस्ता, त्यावर चार खांब. दिवे बसवून साडेचार वर्षं झालेली. डिसेंबरात धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, दिव्यांच्या बॅटऱ्या गेल्यात. दुकानदार म्हणतोय, चारी एकदमच बदला, परत परत यायला नको." चौथा खांब तर अजून सकाळपर्यंत जळत होता. ताईंनी पैसे पाठवण्याआधी दिरांना एकच काम सांगितलं, "भाऊजी, चार रात्री फक्त वेळ लिहून ठेवा. कोणता दिवा कधी लागला आणि कधी विझला."

तपासणीची पहिली पायरी हीच आहे, आणि तिला कोणतंही हत्यार लागत नाही. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. एक लक्षात ठेवा, मस्कत किंवा दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा गावाकडे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे तेवढ्या वेळी फोन करून विचारणं सहज जमतं.

दिरांनी वही ठेवली. एसटीच्या थांब्याजवळचा पहिला खांब कधी दीडला विझे, कधी दोनला, आणि ज्या दिवशी आभाळ आलं होतं त्या रात्री साडेअकरालाच. दुसरा खांब एका दिवशी सव्वासहाला लागला आणि सव्वाअकराला विझला. दुसऱ्या दिवशी ढगांमुळे सहा वाजून पाच मिनिटांनी लागला आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी विझला. तिसरा खांब रोज दहाच्या आसपास जायचा. एकदा विझला की पाच मिनिटांनी पुन्हा लागायचा, पुन्हा विझायचा. चौथा सकाळपर्यंत चालू.

एवढ्या वहीवरून दुसऱ्या खांबाचा निकाल लागतो. लागण्याची वेळ बदलली, दिवस ढगाळ गेला, तरी मधलं अंतर बरोबर पाच तास. बॅटरी किंवा धूळ इतकी घड्याळासारखी वागत नाही. बॅटरी संपली की दिवा विझण्याची वेळ उन्हाप्रमाणे, थंडीप्रमाणे मागेपुढे होते. अंतर मिनिटाला मिनिट जुळत असेल तर तो कंट्रोलरचा हुकूम समजा.

कंट्रोलर म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि दिवा यांच्यामधली छोटी पेटी. ती तीन कामं करते. बॅटरी भरली की चार्जिंग आवरते, बॅटरी फार उतरली की दिवा तोडते आणि संध्याकाळ झाली की दिवा लावते. संध्याकाळ झाली हे तिला पॅनेलवरूनच कळतं. पॅनेलचं व्होल्टेज पडलं की रात्र, चढलं की दिवस. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या रंगाच्या, छोट्या पडद्याच्या कंट्रोलरमध्ये मेन्यूचं बटण दाबत गेलं की एका पानावर तासांचा आकडा दिसतो. तिथे `24H` असेल तर दिवा दिवसरात्र चालू. `0H` असेल तर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. आणि `5H` असेल तर अंधार पडल्यावर पाच तास, मग बंद. दुसऱ्या खांबाचा कंट्रोलर आदल्या पावसाळ्यात बदलला होता आणि त्यात `5H` तसंच राहिलं होतं. तिथे `0H` केलं आणि दिवा सकाळपर्यंत चालला. खर्च शून्य. इतर बनावटीच्या कंट्रोलरमध्ये आकड्यांचे अर्थ वेगळे असतात, तेव्हा सोबत आलेल्या कागदाचा किंवा मागच्या लेबलचा फोटो मागवून घ्या. अंदाजानं बटणं दाबायला सांगू नका.

कंट्रोलरचा संशय असेल तर खात्रीसाठी एक मोजमाप करता येतं. दिवा विझायच्या थोडं आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहायचं. दुसऱ्या खांबावर ते १२.४ होतं, म्हणजे बॅटरीत पुष्कळ शिल्लक असताना दिवा बंद झाला. बॅटरी खरोखर उतरून दिवा तुटतो तेव्हा हा आकडा अकराच्या आसपास किंवा त्याखाली गेलेला असतो. मात्र आकडा दिवा चालू असतानाच घ्या. दिवा विझला की भार उतरतो आणि बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं. तिसरा खांब विझून पुन्हा लागायचा तो याचमुळे. व्होल्टेज वर आलं की कंट्रोलरला वाटायचं बॅटरी सावरली, तो दिवा पुन्हा जोडायचा, आणि दोन मिनिटांत पुन्हा तोडायचा.

कंट्रोलरच्या बाबतीत अजून दोन गोष्टी माहीत असू द्या. काही दिवे पहिले चार-पाच तास पूर्ण उजेड देतात आणि पुढे मुद्दाम मंद होतात. गावाहून "दिवा विझतो" असं सांगितलं गेलं तरी "पूर्ण विझतो की मंद होतो?" असं विचारून घ्या. आणि जवळ कुणी जोरदार हॅलोजन लावला, त्याचा झोत पॅनेलवर पडला, तर कंट्रोलरला दिवस उगवल्यासारखं वाटतं आणि दिवा बंद होतो. लग्नसराईत असं घडू शकतं.

राहिले पहिला आणि तिसरा खांब. दोन्हीकडे बॅटरी रात्रीत संपते हे नक्की. प्रश्न एवढाच की टाकी लहान झालीये की धार बारीक झालीये. आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा इथेच आहे, आणि याचं उत्तर रात्री मिळत नाही, ते भर दिवसा मिळतं.

म्हातारी बॅटरी लवकर भरते आणि लवकर रिकामी होते. उपाशी बॅटरी भरतच नाही.

हे नीट समजून घ्या. जुन्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर चढतो. वीज साठवायला जागा उरत नाही. सकाळी ऊन आलं की तिचं व्होल्टेज भराभर चढतं, नऊ-दहालाच १४.४ च्या आसपास पोचतं आणि कंट्रोलर म्हणतो, भरली. दिवसभराचं उरलेलं ऊन वाया जातं. कंट्रोलरवर बॅटरी भरल्याची खूण दिसते, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. उलट धुळीखाली पॅनेल असेल तर चांगली बॅटरी दिवसभर हळूहळू पीत राहते आणि संध्याकाळी चार वाजले तरी व्होल्टेज तेराच्या आसपासच रेंगाळतं.

तेव्हा गावातल्या माणसाला सांगा, स्वच्छ उन्हाच्या एका दिवशी सकाळी आठला, दहाला, दुपारी एकला आणि चारला बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघ आणि लिही. माणच्या वाडीत तालुक्याच्या गावाहून एक वायरमन आला आणि त्यानं हे केलं. तिसऱ्या खांबाची बॅटरी सकाळी साडेनऊलाच १४.४ वर गेली. पहिल्या खांबाची दुपारी चारला १३ वर होती.

मोजण्याआधी त्यानं आणखी एक चांगलं काम केलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा चोथा जमला होता, तो खरवडून साफ केला आणि नटबोल्ट आवळले. कारण सैल किंवा गंजलेला जोड मध्येच व्होल्टेज खातो, आणि मग चांगली बॅटरीही म्हातारीसारखी वागते. दिवा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि कंट्रोलरच्या टोकांवर मोजायचं. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर आधी वायर आणि जोड बघा.

आता पहिल्या खांबाचं पॅनेल. इथे एक फसवी जागा आहे. पुष्कळ जण पॅनेलच्या वायरी सोडवतात, व्होल्टेज मोजतात, वीस-एकवीस व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, पॅनेल चांगलंय. पण धुळीनं पॅनेलचं व्होल्टेज फारसं कमी होत नाही. कमी होतो तो करंट. नुसतं व्होल्टेज पाहून धूळ ओळखता येत नाही, अँपिअरच मोजायला हवेत.

त्याची रीत अशी. पॅनेलच्या दोन्ही वायरी कंट्रोलरवरून सोडवायच्या. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घालायची, मीटर डीसी अँपिअरवर ठेवायचा आणि पॅनेलच्या दोन वायरींना लावून आकडा वाचायचा. हे फक्त सुट्या केलेल्या पॅनेलवर करायचं. याच स्थितीत मीटर चुकूनही बॅटरीला लावायचा नाही, वायर लाल होईल, ठिणगी उडेल, माणूस भाजेल. आणि क्रम लक्षात ठेवायचा. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

पहिल्या खांबावर दुपारी बाराला आकडा आला २.१ अँपिअर. स्वच्छ आभाळात, भर दुपारी, पंचाहत्तर वॅटच्या पॅनेलकडून चारच्या पुढे अपेक्षित असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, काच गार असताना, पॅनेल धुतलं आणि त्याच दुपारी बाराला पुन्हा मोजलं. ४.२ अँपिअर. म्हणजे निम्मी कमाई धूळ खात होती. खांब रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टर आणि एसटी उडवतील ती धूळ थेट वर. इथे मस्कतला गाडी चार दिवस उभी ठेवली की काचेवर बोटानं नाव लिहिता येतं, तसाच प्रकार. तेच चौथ्या खांबाचं पॅनेल रस्त्यापासून आत, देवळामागे, म्हणून ते बरंच स्वच्छ राहिलं होतं.

"पाऊस पडतो की, धुऊन जाईल," असं आपल्याला वाटतं. वरची धूळ जाते खरी. पण पॅनेलच्या खालच्या कडेला, चौकटीशी, चिखलाची पट्टी साचून वाळते. पॅनेलमधले सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. त्यामुळे एका ओळीतले सेल झाकले गेले तरी आख्ख्या पॅनेलचा करंट आवळला जातो. पक्ष्यांची विष्ठा किंवा चार वर्षांत वाढलेली बाभळीची फांदीही हेच करते. म्हणून खालून पाहून "फार मळलेलं नाही" असं कुणी सांगितलं तर मोबाईलनं वरून काढलेला फोटो मागवा.

धुण्यासाठी साधं पाणी आणि मऊ फडकं किंवा लांब दांड्याचा स्पंजचा वायपर पुरतो. कपडे धुण्याची पावडर नको, भांडी घासायचा काथ्या तर नकोच. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी कोरडं पुसून घ्यावं. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. आणि खांबावर शिडी लावायची तर खाली धरायला दुसरा माणूस हवाच.

आता विचार करा, ताईंनी दुकानदाराचं ऐकून पहिल्या खांबाला नवी बॅटरी बसवली असती तर? नवी बॅटरी भरलेली येते. तिच्यात वापरण्याजोगे ५६ अँपिअर-अवर. रोजचा खर्च १४, आणि धुळीच्या पॅनेलची कमाई आठ-साडेआठ. म्हणजे रोज साडेपाचची तूट. ५६ ला साडेपाचनं भागा. साधारण दहा रात्री दिवा सकाळपर्यंत जळला असता, सगळ्यांना वाटलं असतं काम झालं, आणि अकराव्या रात्रीपासून पुन्हा दीड-दोनला अंधार. मग म्हणायचं, बॅटरी खराब दिली. यासाठी नव्या बॅटरीचा पहिला आठवडा पुरावा म्हणून धरू नका.

याहून वाईट म्हणजे अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी स्वतःच म्हातारी होते. शिशाची बॅटरी दिवसेंदिवस पूर्ण भरलीच नाही तर पट्ट्यांवरचा सल्फेट कडक होत जातो. म्हणजे धूळ आज दिव्याचा वेळ खाते आणि पुढच्या वर्षी बॅटरी खाते. म्हणून पॅनेल धुतलं की लगेच सगळं पूर्ववत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी बॅटरीला पोटभर खाऊ घालावं लागतं. वायरमननं पहिल्या खांबाच्या कंट्रोलरवर आठवडाभर `4H` ठेवलं. रात्री चारच तास दिवा, त्यामुळे खर्च कमी, कमाई पूर्ण. पाचव्या दिवशी दुपारी बॅटरी १४.४ पर्यंत चढली. मग पुन्हा `0H`.

यानंतर बॅटरीची खरी परीक्षा घ्यायची, आणि तिचं माप दिव्याचे तास. बॅटरी चांगली भरलेली असताना संध्याकाळपासून दिवा किती तास चालतो ते मोजायचं आणि त्याला १.१ नं गुणायचं. पहिला खांब सव्वासहाला लागून पहाटे पावणेपाचपर्यंत चालला. साडेदहा तास, म्हणजे साडेअकरा अँपिअर-अवर. ७५ च्या बॅटरीत एवढंच उरलं होतं. धूळ गेली, पण तिनं केलेलं नुकसान राहिलं. तरी दीडऐवजी पावणेपाच हा मोठा फरक होता, आणि त्या बॅटरीवर आणखी काही महिने काढता येणार होते.

तिसऱ्या खांबाचंही हेच माप घेतलं. पॅनेल धुतलं होतं, करंट ४.१ येत होता, बॅटरी सकाळी साडेनऊलाच भरलेली दिसत होती. तरी सव्वासहाला लागलेला दिवा दहाला विझला. पावणेचार तास, जेमतेम चार अँपिअर-अवर. पेटी उघडली तेव्हा कारणही दिसलं. पाण्याची पातळी पट्ट्यांच्या खाली गेली होती. साडेचार वर्षांत कुणी डिस्टिल्ड वॉटर घातलंच नव्हतं, आणि पत्र्याची पेटी दिवसभर पश्चिमेच्या उन्हात तापत होती. उष्णतेनं अशा बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. पाणी घालून आठवडाभर पाहिलं, तासभर वाढला, बस. उघड्या पडून वाळलेल्या पट्ट्या परत कामाला येत नाहीत. ही बॅटरी खरोखर गेलेली होती.

म्हणजे चार बॅटऱ्यांची मागणी होती, आणि लागली एक. ती बसवताना पेटीला सावलीचा पत्रा ठोकला. आणि चारी बॅटऱ्यांत दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पहिल्या खांबाचं पॅनेल हिवाळा-उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पुसायचं, हे काम दिरांनी अंगावर घेतलं.

या रीतीला एक अपवाद आहे, तो सांगून ठेवतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यातला एक कप्पा आतून शॉर्ट झाला तर बॅटरी भरतच नाही, दुपारीही व्होल्टेज बारा-साडेबाराच्या वर जात नाही. ती उपाशी बॅटरीसारखी दिसते आणि आपण पॅनेल धूत बसतो. ओळखायचं असं. पॅनेलचा करंट पुरेसा येतोय, जोड घट्ट आहेत, तरी व्होल्टेज चढत नाही, आणि चार्जिंग सोडवून दोन-तीन तासांनी पाहिलं तर आकडा साडेदहाच्या आसपास. अशी बॅटरी बदलण्याला पर्याय नाही.

आणि तुमचा दिवा नव्या पद्धतीचा असेल, ज्यात पॅनेल, बॅटरी आणि दिवा एकाच डब्यात असतात, तर त्यात बहुधा लिथियम बॅटरी असते. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखंच राहतं, म्हणून त्यावरून शिल्लक कळत नाही आणि डबा उघडणंही सोपं नसतं. तिथे वही आणि फडकं हीच हत्यारं. चार रात्रींच्या वेळा लिहा. अंतर मिनिटाला जुळत असेल तर रिमोटनं सेटिंग पाहा. वेळ उन्हाप्रमाणे बदलत असेल तर पॅनेल धुवा, तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा तास मोजा. वेळ वाढली तर धूळ होती. धुऊनही, ऊन असूनही वेळ तीच राहिली तर बॅटरी.

तेव्हा गावाहून असा फोन आला तर क्रमानं तीन प्रश्न विचारा. लागण्यापासून विझण्यापर्यंतचं अंतर रोज तेवढंच असतं का? बॅटरी दिवसा किती वाजता भरते, सकाळीच, की संध्याकाळपर्यंत भरतच नाही? आणि पॅनेल धुण्याआधी व धुतल्यावर, त्याच वेळी, किती अँपिअर आले? ही तीन उत्तरं हातात आली की कशासाठी पैसे पाठवायचे ते तुम्हाला कळलेलं असेल. वर सांगितलेले आकडे बारा वॅटच्या दिव्याचे आहेत. तुमच्या दिव्याचे वॅट आणि बॅटरीचे अँपिअर-अवर खांबावरच्या पाटीवर असतात, तिचा फोटो आधी मागवून ठेवा.